चाळीस लाखांची रेषा आणि पंधरा मार्चची सकाळ

वाचकाचं पत्र

*आम्ही सातारा जिल्ह्यात बांधकामाची कंत्राटं घेतो. साइट बाबा बघतात. मी सिव्हिल इंजिनिअर, प्लॅनिंग आणि बिलं माझ्याकडे आहेत. एका संस्थेच्या शाळा-इमारतीचं २ कोटींचं काम मिळालंय. आमचा खर्च १ कोटी ८० लाख, मुदत ऑक्टोबर ते जुलै. बिल महिनाअखेरीला, पेमेंट ४५ दिवसांत, बिलातून राखून ठेवायचं रिटेन्शन ५ टक्के, उशिराला आठवड्याला अर्धा टक्का दंड. घरचे १५ लाख आणि बँकेची २५ लाखांची कॅश क्रेडिट म्हणजे सीसी, असे ४० लाख हातात आहेत. मी साठत जाणाऱ्या एकूण खर्चाचा आलेख, म्हणजे एस-कर्व्ह, काढला, त्याखाली येणाऱ्या पैशांची रेषा मांडली. जानेवारी ते एप्रिल तूट ४० च्या वर जाते, मार्चअखेर ५४ लाख. माझं म्हणणं, दोन स्लॅब पुढे ढकलून काम सप्टेंबरपर्यंत न्यावं, म्हणजे कर्व्ह सपाट होईल. बाबा म्हणतात, काम थांबवायचं नाही, ओळखीतून महिना २ टक्क्यांनी पैसे उचलू. पुढच्या आठवड्यात करारावर सह्या आहेत. कोणाचं बरोबर?*

उत्तर

सह्या व्हायच्या आधी पत्र पाठवलंत, हे फार बरं झालं. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या करारातच आहे. तिथे जाण्याआधी मात्र तुमचा आलेख एकदा नीट बघू, कारण त्यातला ५४ चा आकडा जरा फसवा आहे.

तुम्ही महिन्याच्या शेवटच्या दिवशी उभं राहून तूट मोजलीत. पैसा मात्र महिन्याच्या मधे येतो. ३१ जानेवारीच्या बिलाचे ४५ दिवस १७ मार्चला भरतात. त्याच्या दोन दिवस आधी, १५ मार्चला सकाळी, तुमच्या खात्याची अवस्था काय असेल ते बघा. तुमच्यासारख्या कामाला महिन्यांचा खर्च साधारण असा पडतो (लाखांत): ऑक्टोबर ६, नोव्हेंबर १२, डिसेंबर २०, जानेवारी २६, फेब्रुवारी आणि मार्च प्रत्येकी २८, एप्रिल २४, मे १८, जून ११, जुलै ७. बेरीज १८० होते आणि मार्चअखेरची तूटही तुमच्याइतकीच, ५४ निघते. फेब्रुवारीअखेर ९२ गेले, अर्ध्या मार्चचे १४, म्हणजे १०६ लाख बाहेर. आत आलेत फक्त ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरच्या बिलांचे पैसे, सव्वाएकोणचाळीस लाखांच्या आसपास. तूट ६७ लाख. महिनाअखेरच्या रकान्यांमध्ये हा दिवस दिसतच नाही, कारण तोवर जानेवारीचा चेक जमा झालेला असतो. मजुरांची खर्ची मात्र दर आठवड्याला बाजाराच्या दिवशी द्यावीच लागते, ती महिनाअखेरची वाट बघत नाही. म्हणून पहिलं काम हे की हा तक्ता महिन्याचा न ठेवता पंधरवड्याचा करा, आणि प्रत्येक पंधरवड्याची तूट पैसे जमा व्हायच्या आदल्या क्षणाची मोजा.

आता दुसऱ्या बाजूने. तुम्ही काढलेला कर्व्ह खर्चाचा आहे, पैसे देण्याचा नाही. वेळापत्रक आखायचं एमएस प्रोजेक्ट हे सॉफ्टवेअर रिसोर्सचा खर्च कामाच्या दिवसांवर सारखा पसरून टाकतं, `Accrue At` मध्ये आपण काही बदललं नाही तर तिथे `Prorated` असतं. प्रत्यक्षात सळईवाला माल उतरताना पैसे मागतो, मजुरी आठवड्याला जाते, आणि सिमेंट, तयार काँक्रीट, प्लंबिंगचं सामान तीस दिवसांच्या उधारीवर मिळतं. समजा खर्चाचा ३५ टक्के भाग असा तीस दिवसांनी द्यायचा आहे. मग १५ मार्चला सुमारे १० लाखांचा माल वापरलेला असेल पण त्याचे पैसे दिलेले नसतील. तूट ६७ वरून ५७ वर येते. उधारीच्या भावात दुकानदार पोत्यामागे चार पैसे जास्त लावतो, ते तुमच्या दरात धरलेत का, एवढं मात्र तपासा.

तिसरी गोष्ट कागदावर दिसत नाही, पण तीच सगळ्यात बोचते. तुमचा नफा बिलाच्या १० टक्के आहे. १०० रुपये खर्च केले की बिल १११ चं होतं. त्यातून ५ टक्के रिटेन्शन कापलं, तुमची भागीदारी फर्म असेल तर २ टक्के टीडीएस कापला, की हातात येतात १०३. म्हणजे काम चालू असेपर्यंत १०० रुपयांमागे नफ्याचे फक्त तीन रुपये फिरतात, बाकीचे आठ अडकून असतात. काम संपेल तेव्हा रिटेन्शनचे १० लाख आणि टीडीएसचे ४ लाख असे १४ लाख तुमचेच असतील, पण बाहेर. पुढच्या महिन्याच्या नफ्यातून मागची तूट भरून निघेल, हा हिशेब म्हणूनच चुकतो. तूट भरते ती फक्त बिलं लवकर आल्याने.

इथे मला तुमच्या मूळ गृहीतकाला हात घालायचा आहे. तुम्ही आणि बाबा, दोघांनीही वरचा कर्व्ह कायम धरलाय. तुम्हाला तो सपाट करायचाय, त्यांना त्याच्याखाली उसन्या पैशांचा टेकू लावायचाय. खालच्या रेषेकडे, येणाऱ्या पैशांकडे, कोणीच बघत नाहीये. दोन्ही रेषांमधलं उभं अंतर रुपयांत असतं, आडवं अंतर दिवसांत असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमचा खर्च रोज ९०-९५ हजारांचा आहे. आडवं अंतर पंधरा दिवसांनी कमी झालं की उभं अंतर तेरा-चौदा लाखांनी घटतं. स्लॅब पुढे ढकलण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं.

ते दिवस कुठे जातात हे मी जवळून बघितलंय. माझ्या सुरुवातीच्या एका कामावर आमचं बिल तीन आठवडे आर्किटेक्टच्या टेबलावर पडून राहिलं. पैशांची अडचण कोणालाच नव्हती. स्लॅब २५ तारखेला भरला होता, बिल ३१ ला दिलं, आणि काँक्रीटच्या क्यूबची ताकद तपासल्याचा २८ दिवसांचा रिपोर्ट जोडल्याशिवाय सर्टिफिकेट मिळणार नाही असं उत्तर आलं. म्हणजे २५ ला भरलेल्या स्लॅबचा रिपोर्टच पुढच्या महिन्याच्या २३ ला येणार! करारात याबद्दल एक शब्द नव्हता. तेव्हापासून मी ७ दिवसांच्या क्यूबवर बिल पास व्हावं आणि २८ दिवसांचा रिपोर्ट पुढच्या बिलाला जोडावा, हे आधीच लिहून घेतो. तुमच्या करारात ते आहे का बघा. त्याहून महत्त्वाचं, ४५ दिवस कधीपासून मोजायचे? बिल दिल्यापासून की आर्किटेक्टच्या सर्टिफिकेटपासून? सर्टिफिकेटपासून असतील तर तुमचे ४५ चे सहज ६० होतात आणि वरचे सगळे आकडे आणखी बिघडतात.

आता करारात मागायची मुख्य गोष्ट. बिल महिन्याला एकदाच असू द्या, पण बिल दिल्यापासून पंधरा दिवसांत त्याच्या देय रकमेच्या ७५ टक्के तपासणीआधीच, ऑन-अकाउंट, मिळावेत आणि तपासणी होऊन उरलेले २५ टक्के ४५ दिवसांत. बांधकामात ही पद्धत नवी नाही, बरेच क्लायंट देतात, मागितली तर. संस्थेचंही यात फार जात नाही. एकूण तेवढेच पैसे, रिटेन्शन त्यांच्याकडेच, आणि चूक निघाली तर कापायला २५ टक्के हातात. १५ मार्चला काय होतं बघा. जानेवारीचं बिल रिटेन्शन आणि टीडीएस वजा जाता २६.८७ लाखांचं. त्याचे ७५ टक्के, २० लाख, फेब्रुवारीच्या मध्यालाच आलेले असतील. ५७ ची तूट ३७ वर येते. एकही स्लॅब न हलवता तुम्ही चाळीसच्या आत आलात.

संस्था याला तयार नसेल, तर पंधरवड्याला बिल मागा. पेमेंट ४५ दिवसांचंच राहिलं तरी तुटीचं शिखर ५७ वरून ४४ पर्यंत उतरतं. पहिल्याइतका फायदा नाही, आणि मोजमापं, मोजमाप-वही, जोडपत्रं यांचं तुमचं काम दुप्पट होतं, पण नकारापेक्षा खूप बरं.

तरी ३७ आणि ४० मध्ये फक्त तीन लाखांची फट आहे, आणि एवढ्यावर मी तुम्हाला निर्धास्त राहा म्हणणार नाही. फेब्रुवारीच्या बिलाचे ७५ टक्के १५ मार्चऐवजी महिना संपल्यावर आले, एवढंच धरून बघा. ३१ मार्चला तूट ४४ होते. संस्थेचं आर्थिक वर्ष त्याच दिवशी संपतं, ट्रस्टी बाहेरगावी असतात, सही राहते. असं होणार हे धरूनच चाला. आता, आणि आताच, कर्व्हला हात लावायचा.

पण स्लॅबला नाही. स्लॅब क्रिटिकल पाथवर आहेत. ते ढकलले की सगळं काम ढकललं जातं. सेंटरिंगवाल्यांना महिनाभर काम नाही म्हटलं की ते दुसऱ्या साइटवर जातात आणि बोलावलं की येत नाहीत, यात बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. वेळापत्रकात हलवायची ती कामं, ज्यांना मोकळीक आहे. एमएस प्रोजेक्ट प्रत्येक काम `As Soon As Possible` धरून जमेल तितकं लवकर ओढतं, म्हणून कंपाउंड वॉल, पाण्याची टाकी, आवारातलं पेव्हिंग ही कामं इमारतीच्या ऐन खर्चाच्या महिन्यांत येऊन बसलेली असतात. तुमच्या यादीतही ती जानेवारी ते मार्चमध्येच असतील. अशी ९ लाखांची कामं, महिन्याला ३, तिथून काढून एप्रिल-मेमध्ये टाकली तर शिखर ३७ वरून ३४ पर्यंत येतं, आणि मार्चअखेर सही अडकल्याची ती ४४ ची तूट ३९ वर राहते. ९ लाख हलवून फरक तीन ते पाच लाखांचाच पडतो, हे लक्षात घ्या. कारण ती कामं हलली की त्यांची बिलंही हलतात. खर्च नुसता पुढे ढकलून तूट तेवढ्याने भरत नाही.

संगणक सांगेल की हीच कामं जून-जुलैमध्येही बसतात, मोकळीक आहे. साताऱ्यात जूनमध्ये कंपाउंड वॉलचा पाया खोदून बघा. चर पाण्याने भरतो, बाजू ढासळतात, पेव्हिंगखालची मुरमाची भर दबत नाही. तुमच्या कॅलेंडरमध्ये पावसाचे दिवस टाकलेले नसतील तर त्यातली मोकळीक खोटी आहे. ही कामं मे संपायच्या आत संपवा. पावसात आतलं प्लास्टर, फरशी, रंग चालू राहील.

आता बाबांच्या २ टक्क्यांबद्दल, कारण त्यांच्या पर्यायाला तुम्ही पुरेसा न्याय दिलेला नाही. काहीही न बदलता, उधारीही न धरता चालायचं ठरवलं तर १५ मार्चच्या ६७ साठी २७ लाख उचलावे लागतील. असे पैसे लागतील तसे रोज मिळत नाहीत, एकरकमी घ्यावे लागतात. पाच महिन्यांचं व्याज २ लाख ७० हजार. तुमच्या पर्यायात काम दोन महिने लांबतं. आठवड्याला १ लाख दंड म्हणजे साधारण ८ लाख, शिवाय साइटवरचा सुपरवायझर, वॉचमन, भाड्याचं सेंटरिंग आणि मिक्सर यांचा दोन महिन्यांचा खर्च वेगळा. २० लाखांच्या नफ्यातून अर्धा गेला. नुसत्या गणितात बाबांचा मार्ग स्वस्त आहे, आणि ते तुम्ही त्यांना मोकळेपणाने सांगावं.

त्यांच्या मार्गातली अडचण व्याजाची नाही. पेमेंट वेळेवर येईल असं धरून ती रक्कम काढलीय. एक बिल महिनाभर अडकलं तर २७ चे ५० होतात, आणि तेवढे ओळखीतून मिळत नाहीत. शिवाय २० हजार किंवा त्याहून मोठी रक्कम उसनी म्हणून रोखीने घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि महाराष्ट्रात सावकारीचा व्यवसाय करणाऱ्याकडे परवाना लागतो. पैसे घ्यायचेच झाले तर बँकेतून आणि कागदावर. पण वरचे बदल झाल्यावर लागणारी रक्कम २७ लाख उरत नाही. एखादं बिल सहा आठवडे अडकलं तर लागतील एवढे, दहा-बारा लाख, उरतात. ते पतसंस्थेतल्या ठेवीवर कर्ज म्हणून आधीच मंजूर करून ठेवता येतात, वापरले तरच व्याज.

बँकेच्या २५ लाखांचंही एक बघून ठेवा. तुम्ही आलेखावर ४० ची रेषा सरळ आखलीत. सीसी गहाण मालमत्तेवर नसून स्टॉक आणि येण्यांवर असेल तर ती रेषा सरळ नसते. दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट जातं, त्यातली येणी आणि शिल्लक माल धरून, मंजुरीपत्रातलं मार्जिन कापून, ड्रॉइंग पॉवर म्हणजे वापरता येणारी रक्कम निघते. केलेलं पण बिलात न आलेलं काम त्यात सहसा धरत नाहीत, आणि ९० दिवसांहून जुनी येणी बऱ्याच बँका काढून टाकतात. ७५ टक्के लवकर मिळाले की येणी कमी दिसतात. ३१ मार्चच्या स्टेटमेंटमध्ये मार्चचं बिल नसेल तर फेब्रुवारीचे उरलेले सात लाखच दिसतील, आणि शिल्लक माल धरूनही एप्रिलभर २५ च्या जागी सहा-सात लाख वापरायला मिळतील. म्हणून मोजमापं २५ तारखेपर्यंत घ्या, उरलेल्या दिवसांचं काम अंदाजाने जोडा, बिल ३१ च्या आत पोचवून पोच घ्या, आणि मग स्टेटमेंट भरा.

वरचे सगळे आकडे जीएसटी सोडून आहेत, ते मुद्दाम. जीएसटी तुमचा पैसा नाही, पण तुमच्या तुटीत तो येऊन बसतो. मार्चच्या बिलावर १८ टक्क्यांनी साडेपाच लाखांवर जीएसटी होतो. ३१ मार्चला टॅक्स इन्व्हॉइस फाडलं तर मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट वजा करून उरलेले अडीच लाखांच्या आसपास २० एप्रिलला भरावे लागतात, पैसे हातात आलेले असोत वा नसोत. आधी मोजमापासह बिल द्यायचं आणि टॅक्स इन्व्हॉइस पास झालेल्या रकमेचं काढायचं, ही पद्धत तुमच्या कराराच्या शब्दांत बसते का, ते सीएंना सह्यांच्या आधी विचारा.

काम सुरू झाल्यावर हा तक्ता भिंतीवर लावून ठेवण्याचा नाही. एका वहीत प्रत्येक बिलाच्या चार तारखा लिहा: मोजमाप, पोच, सर्टिफिकेट, जमा. पहिल्या दोन बिलांमध्येच कळतं की तुमचे १५ दिवस खरे १५ आहेत की २६. जे निघेल ते दिवस पुढच्या सगळ्या पंधरवड्यांना लावा आणि आलेख नव्याने काढा. तो पुढे सहा आठवडे बघा, कारण स्लॅबची सळई साधारण तीन आठवडे आधी रोखीने मागवावी लागते, आणि ती गाडी आली की निर्णय तुमच्या हातातून गेलेला असतो. सहा आठवड्यांपुढच्या पंधरवड्यात तूट ३८ च्या वर दिसली तर त्या दिवशी संस्थेला फोन करायचा आणि कंपाउंडचं काम थांबवायचं. स्लॅब चालूच ठेवायचा.

घर बांधणाऱ्या वाचकांनाही यातलं बरंच लागू आहे. बँक प्लिंथ, स्लॅब, वीटकाम अशा टप्प्यांवर कर्ज सोडते, पण टप्पा पूर्ण झाल्यावर. स्लॅबची सळई आणि काँक्रीट तुम्हाला आधी घ्यावं लागतं. बँकेचा इंजिनिअर बघून गेल्यापासून पैसे जमा होईपर्यंत किती दिवस लागतात ते शाखेत विचारा आणि तेवढ्या दिवसांचा खर्च स्वतःकडे ठेवा.

पुढच्या आठवड्याच्या बैठकीला आलेख घेऊन जाऊ नका, संस्थेला तो नको असतो. तीन ओळी टाइप करून न्या: बिल दिल्यापासून १५ दिवसांत ७५ टक्के, ४५ दिवस बिलाच्या पोचेपासून, बिलाला ७ दिवसांचा क्यूब रिपोर्ट पुरेसा. पहिली मान्य झाली नाही तर पंधरवड्याचं बिल मागा. तेही नाही म्हणाले, तर रिटेन्शनच्या जागी बँक गॅरंटी चालेल का विचारा, मात्र गॅरंटीसाठी बँक मार्जिन अडकवते आणि ते तुमच्या १५ लाखांतूनच जाईल. आणि बैठकीला बाबांनाही न्या. ट्रस्टी त्यांना वर्षानुवर्षं ओळखत असतील, तर ७५ टक्क्यांची मागणी त्यांच्या तोंडून गेलेली बरी.